आठ नंबरच्या स्क्रूला आठचं बिट लागत नाही

हार्डवेअरच्या दुकानात हा संवाद हमखास ऐकू येतो. "आठ नंबरचे स्क्रू द्या, दीड इंची." "गिट्टी कुठली देऊ?" "आठचीच द्या ना." "बिट आहे का घरी?" "हो, आठचं आहे." दुकानात गर्दी असते, माल कागदात बांधला जातो आणि संध्याकाळी घरी भिंतीला एक ऐसपैस भोक पडतं. त्यात गिट्टी, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग, नीट बसते, पण स्क्रू पिळला की फिरतच राहतो, कुठे आवळतच नाही.

यात चूक मशीनची नाही आणि भिंतीचीही नाही. गिट्टीवरचा आठ आणि बिटवरचा आठ म्हणजे मिलिमीटर. स्क्रूचा आठ मात्र मिलिमीटर नाही, तो गेज नंबर आहे. ही इंचांच्या जमान्यातली इंग्रजी मोजणी आपल्या बाजारात अजून रुळलेली आहे. आठ नंबरच्या स्क्रूची जाडी जेमतेम ४.२ मिमी असते, आणि त्याला लागते ६ मिमीची गिट्टी आणि ६ मिमीचंच बिट.

नंबरवरून जाडी काढायचा हिशेब सोपा आहे. नंबरला ०.३३ ने गुणा आणि त्यात दीड मिळवा, उत्तर मिमीमध्ये येतं. सहा नंबर म्हणजे साधारण ३.५ मिमी, आठ म्हणजे ४.२, दहा म्हणजे ४.८, बारा म्हणजे ५.५. कंपनीगणिक एखाद्या दशांशाचा फरक पडतो, त्याने आपलं काही अडत नाही. एक मात्र लक्षात असू द्या: स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड होतो. विजेच्या तारेचा किंवा पत्र्याचा गेज ज्यांच्या तोंडात बसलेला असतो त्यांची इथे गल्लत होते, कारण तिथे नंबर वाढला की माल बारीक होतो.

सुरुवात बिटपासून नको, वस्तूपासून करा

नवखा माणूस आधी बिटची डबी उघडतो आणि हाताला लागेल ते बिट मशीनला लावतो. खरा क्रम याच्या उलटा आहे. जी वस्तू टांगायची तिच्या भोकावरून स्क्रू ठरतो, स्क्रूवरून गिट्टी ठरते आणि गिट्टीवरून बिट. बिटाची निवड सगळ्यात शेवटी येते आणि तिथे निवडण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं.

उदाहरण म्हणून स्वयंपाकघरातली एक फळी घेऊ. दोन फूट लांब, खाली लोखंडी पट्टीचे दोन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन भोकं. वर मसाल्याचे डबे आणि चहा-साखर, म्हणजे पाच-सात किलोच्या आतबाहेरचं वजन. ब्रॅकेटचं भोक मोजलं तर ५ मिमी निघतं. त्यातून ४.२ मिमीचा आठ नंबर आरामात जातो. ४.८ मिमीचा दहा नंबर जेमतेम जातो. सहा नंबरही जाईल, पण त्याचं डोकं लहान असतं, भोकाच्या कडेला पुरतं टेकणार नाही आणि ब्रॅकेट खडखडत राहील. तेव्हा आठ नंबर पक्का.

घरात आधीचे सुटे स्क्रू पडलेले असतील आणि नंबर माहीत नसेल, तर मापन यंत्राविनाही काम भागतं. चपट्या डोक्याच्या, म्हणजे लाकडात खाली बसणाऱ्या स्क्रूचं डोकं फूटपट्टीच्या इंचाच्या बाजूवर धरा आणि ते इंचाच्या किती सोळाव्या भागांएवढं रुंद आहे ते पाहा. त्या आकड्याची दुप्पट करून दोन वजा केले की नंबर मिळतो. डोकं पाच सोळांश इंच असेल तर पाच दुणे दहा, वजा दोन, आठ नंबर. सुतारकामातली ही जुनी युक्ती मधल्या मापांना बऱ्यापैकी खरी उतरते.

काळे स्क्रू मात्र या कामाला घेऊ नका. जिप्समच्या पाट्या ठोकायचे ते काळे स्क्रू प्रत्येक घरात उरलेले असतात, स्वस्त असतात आणि दिसायला टोकदार. ते बहुतेक सहा नंबरचे, म्हणजे ३.५ मिमीचे असतात, आणि त्यांचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं. वजनाखाली वाकण्याऐवजी ते कट्कन तुटतात. बाथरूममध्ये तर ते गंजतातही. तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

गिट्टी: स्क्रू आत शिरल्यावर ती फुगली पाहिजे

गिट्टीला कुणी रॉल प्लग म्हणतं, कुणी नुसतं फिशर म्हणतं. दोन्ही कंपन्यांची नावं आहेत. नायलॉनची, पोटात चिरलेली, बाजूला कान असलेली राखाडी गिट्टी आर्टूर फिशर या जर्मन माणसाने १९५८ मध्ये काढली आणि आज बाजारात जे काही मिळतं ते बहुतेक तिचंच रूप आहे. त्याआधी आपल्याकडे भिंतीत चौकोनी खाच पाडून लाकडाची खुंटी ठोकत आणि खुंटीत स्क्रू पिळत. जुन्या वाड्यांत आणि चाळींत त्या खुंट्या अजून सापडतात.

गिट्टी स्वतः काही धरत नाही. स्क्रू आत शिरला की तिचे चिरलेले भाग बाजूला ढकलले जातात, भोकाच्या भिंतींवर दाबले जातात आणि त्या घर्षणावर सगळा भार उभा राहतो. म्हणून स्क्रू आणि गिट्टीचं नातं नेमकं लागतं. स्क्रू बारीक पडला तर गिट्टी फुगतच नाही. फार जाड झाला तर तो अर्ध्यात अडतो, गिट्टी पिळवटते, नाहीतर विटेला तडा जातो.

साधी जोडी अशी. सहा नंबरला ५ मिमीची गिट्टी, आठ नंबरला ६ मिमीची, दहा आणि बारा नंबरला ८ मिमीची. चौदा नंबरच्या जाड स्क्रूला १० ची लागते, पण घरकामात ती वेळ क्वचितच येते. चांगल्या गिट्टीच्या पाकिटावर चालणारा स्क्रू मिमीमध्ये छापलेला असतो. ६ च्या गिट्टीवर साधारण ४ ते ५ आणि ८ च्या गिट्टीवर ४.५ ते ६ असं लिहिलेलं दिसेल. आता वरच्या संवादातला घोळ लख्ख दिसतो: ८ च्या गिट्टीला किमान साडेचारचा स्क्रू हवा आणि आठ नंबर आहे ४.२ चा.

तुमच्याकडून आधीच ८ मिमीचं भोक पडून गेलं असेल तर ते बुजवायची गरज नाही. भोक आणि गिट्टी तशीच ठेवा, फक्त स्क्रू दहा नंबरचा आणा. ४.८ मिमी ८ च्या गिट्टीत व्यवस्थित आवळतो आणि आपल्या ब्रॅकेटच्या ५ मिमीच्या भोकातूनही जातो. गिट्टीत काडेपेटीच्या काड्या कोंबणं हा उपाय सगळीकडे केला जातो, पण काड्या दबतात आणि सहा महिन्यांनी फळी पुढे झुकते.

दुकानातच एक चाचणी करून घ्या. गिट्टी चिमटीत धरून तिच्या तोंडाशी स्क्रू ठेवा आणि हाताने पिळा. एक-दोन आटे आत जाऊन तो अडला पाहिजे. सरळ आत घसरला तर बारीक आहे, तोंडातच शिरत नसेल तर जाड आहे. आणि गिट्टी नखाने दाबून पाहा. दहा रुपयांत मूठभर मिळणाऱ्या कडक, चकचकीत गिट्ट्या फुगायच्या ऐवजी चिरतात. नायलॉनची गिट्टी दाबली की किंचित लवते.

बिट: गिट्टीवरचाच आकडा

आता बिट. गिट्टी ६ ची तर बिट ६ चं, ८ ची तर ८ चं. यात गणित नाही. फक्त ते भिंतीचं बिट असलं पाहिजे. टोकाला बाणासारखा, दांड्यापेक्षा किंचित रुंद असा कार्बाईडचा तुकडा डाखलेला असतो, ते भिंतीचं. लोखंडाचं किंवा लाकडाचं बिट संपूर्ण एकाच पोलादाचं असतं. ते विटेवर चालवलं तर मिनिटाभरात निळं पडून बोथट होतं.

हॅमर मशीनची खाचांवाली बिटं घेताना मागची शेपटी मोजू नका. ती सगळ्या लहान बिटांना १० मिमीचीच असते. माप टोकाचं असतं आणि ते दांड्यावर कोरलेलं असतं, बहुतेक लांबीसह, उदाहरणार्थ ६ × ११०. पुढचा आकडा जाडीचा, मागचा लांबीचा.

बिट जुनं असेल तर कार्बाईडच्या कडा झिजलेल्या असतात. दांड्यावर ६ कोरलेलं असलं तरी काँक्रीटमध्ये भोक त्याहून बारीक पडतं आणि गिट्टी आत जाताना कान मुडपतात. मऊ विटेत उलटं घडतं: बिट आत हलतं, वीट झडते आणि ६ च्या बिटाने साडेसहा-सातचं भोक पडतं. म्हणून माप बरोबर असूनही भिंत कोणती हे पाहावंच लागतं.

भिंत ओळखायची तर भुगा पाहा

गिलावा खरडून भिंत पाहायची गरज नाही. पहिलं भोक पाडताना खाली कागद धरा. सुरुवातीला राखाडी भुगा येतो, तो गिलाव्याचा. आतल्या बाजूचा गिलावा साधारण १२ ते १५ मिमी असतो. त्यानंतर भुगा तांबडा झाला तर लाल वीट. हॅमर चालू ठेवा, पण जोर लावू नका, मशीनच्या वजनाने बिट जाऊ द्या. वीट फारच मऊ लागली, बिट लोण्यातून गेल्यासारखं गेलं, तर पुढची भोकं हॅमर बंद करून नुसत्या फिरत्या बिटाने पाडा, म्हणजे ती मापात राहतील.

भुगा राखाडीच राहिला आणि बिट पुढे सरकेना, तर ते आरसीसी आहे: बीम, कॉलम किंवा हल्लीच्या टॉवरमधल्या सगळ्याच काँक्रीटच्या असणाऱ्या मायवान भिंती. इथे साधं ड्रिल रडकुंडीला येतं, हॅमर मशीनच लागतं. पण गिट्टी सगळ्यात भक्कम बसते तीही इथेच. मध्येच बिट थबकलं, किरकिरलं आणि भोकात चकाकी दिसली, तर सळई लागली आहे. जोर करू नका, दोन-तीन सेंटीमीटर बाजूला सरका.

भुगा पांढुरका, पिठासारखा आणि भोक विनाश्रम पडलं, तर भिंत सिपोरेक्सच्या, म्हणजे एएसी ब्लॉकची. नव्या इमारतींत ही भिंत फार आहे आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. हॅमर अजिबात लावायचा नाही, कारण ठोक्याने ब्लॉकच्या आतली जाळी चुरते. साध्या गिट्टीसाठी बिट एक माप कमी घ्या: ६ च्या गिट्टीला ५ चं बिट. गिट्टी हातोडीने हलके ठोकत बसवा आणि जरा लांब गिट्टी निवडा. भार जास्त असेल तर या ब्लॉकसाठी मळसूत्री आट्यांची वेगळी गिट्टी मिळते, ती घ्या. कोकणात जांभ्याच्या भिंतीला असं काही ठराविक नाही. तिथे दगडात पोकळ खळगे असतात, भोक खळग्यात गेलं तर गिट्टी पोकळीत फुगते आणि काहीच धरत नाही. चार बोटं बाजूला दुसरं भोक पाडणं हाच उपाय.

आणि हो, स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवं भोक पाडू नका. वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. नळाच्या बाबतीतही तेच.

खोली आणि लांबी: आपल्या फळीचा हिशेब

बहुतेक लोक जाडीपर्यंत नीट येतात आणि लांबीत फसतात. ६ ची चांगली गिट्टी साधारण ३० मिमी लांब असते. ती गिलाव्याच्या पातळीला बसवली तर वरचे १५ मिमी गिलाव्यात राहतात आणि विटेत उरतात फक्त १५. शिवाय गिलाव्यातला भाग फुगला की भोकाभोवती गिलाव्याचा पोपडा सुटतो. तेव्हा गिट्टी थोडी आत ढकलायची, म्हणजे तिचा बहुतेक भाग विटेत जाईल.

आपली भिंत लाल विटेची, गिलावा १५ मिमी. गिट्टी तोंडापासून १२ मिमी आत ढकलू. म्हणजे ती १२ पासून ४२ मिमीपर्यंत बसेल. ब्रॅकेटची पट्टी ३ मिमी जाड. स्क्रूचं टोक गिट्टीतून निदान स्क्रूच्या जाडीइतकं, म्हणजे चार-पाच मिमी, बाहेर आलं पाहिजे, कारण गिट्टीचं शेवटचं टोक तेव्हाच पुरतं फुगतं. बेरीज करा: ३ पट्टीचे, ४२ भिंतीतले, ५ बाहेरचे. एकूण ५०. म्हणजे दोन इंची, ५० मिमीचा आठ नंबर. दुकानात मागितलेला दीड इंची स्क्रू ३८ मिमीचा असतो. पट्टीचे ३ गेले की भिंतीत ३५ उरतात आणि तो गिट्टीच्या शेवटापर्यंत पोचतच नाही.

भोक किती खोल? स्क्रूचं टोक ४७ मिमीवर थांबणार, त्यापुढे भुग्यासाठी सात-आठ मिमी मोकळे ठेवा, म्हणजे ५५. बिटच्या टोकापासून ५५ मिमीवर रंगीत इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेप भिंतीला टेकली की थांबा. टोक मोजताना कार्बाईडच्या अगदी पुढच्या अणकुचीपासून मोजा.

भोक झालं की त्यातला भुगा काढा. पंपाने, नाहीतर पातळ नळीने फुंकून, डोळे मिटून. भुगा राहिला तर गिट्टी शेवटपर्यंत जात नाही आणि आपला हा सगळा हिशेब पाण्यात जातो. गिट्टी अंगठ्याने अर्धी आत जावी आणि उरलेली हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. मग जुना स्क्रू किंवा खिळा उलटा धरून ती १२ मिमी आत सरकवा.

स्क्रू पिळताना हाताला काय लागतं त्यावरून बरंच कळतं. पहिले काही आटे हलके, मग हळूहळू जड, आणि शेवटचे चार-पाच आटे मनगटाला जाणवण्याइतके घट्ट, हे बरोबर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलकाच राहिला तर स्क्रू बारीक आहे. स्क्रूबरोबर गिट्टीही गोल फिरायला लागली तर भोक मोठं झालंय: गिट्टी काढा, ८ च्या बिटाने भोक मापात पाडा, ८ ची गिट्टी घाला आणि स्क्रू दहा नंबरचा करा. अर्ध्यावर एकदम अडला तर भोक उथळ आहे किंवा भुगा राहिलाय. तेव्हा मशीनचा जोर लावू नका, स्क्रूची खाच झिजते आणि मग तो ना आत जातो ना बाहेर येतो. शेवटचे आटे हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेच आवळा.

चारही भोकं एकाच वेळी पाडायची नाहीत. एक भोक, एक स्क्रू सैलसर, मग लेव्हल लावून दुसरी खूण आणि दुसरं भोक. बिट अर्धा-एक मिमी सरकतंच. आधीच चार भोकं पाडली तर शेवटचा स्क्रू तिरका जातो.

टाइल असेल तर

बाथरूमच्या टाइलवर हॅमर बंद. खुणेवर कागदी टेप लावा म्हणजे टोक घसरणार नाही, आणि अगदी कमी वेगाने टाइल पार होईपर्यंत नुसतं फिरवा. भिंतीचं सहाचं बिट साध्या ग्लेझ्ड टाइलला चालतं. व्हिट्रिफाइडला मात्र हिऱ्याच्या कणांचं बिट लागतं, नाहीतर बिट तापून लाल होतं आणि टाइलवर नुसता डाग पडतो. टाइल पार झाली की मागे वीट किंवा काँक्रीट असेल तरच हॅमर चालू करा. गिट्टी टाइलच्या मागे सरकलीच पाहिजे. टाइलच्या जाडीत गिट्टी फुगली की तडा भोकापासून थेट कोपऱ्यापर्यंत जातो, कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने.

गिट्टी कुठे वापरू नये

आठ नंबर आणि ६ ची गिट्टी ही फळी, आरसा, घड्याळ, टॉवेलची दांडी, पडद्याचा हलका रॉड यांच्यासाठी. बाहेर ओढणारा भार आला की हिशेब बदलतो. फळी जितकी खोल, तितका वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. म्हणून उंच ब्रॅकेट घ्या आणि वरच्या भोकातला स्क्रू कधीही वगळू नका. गीझर, एसीचं बाहेरचं युनिट, झोपाळा, व्यायामाचा बार यांना प्लास्टिकची गिट्टी कितीही जाड असली तरी लावायची नाही. तिथे लोखंडी अँकर फास्टनर लागतो आणि तोही काँक्रीटमध्ये. विटेत तो आवळताना वीटच फुटते. भरलेला पंधरा लिटरचा गीझर म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो, वर टाकीचं वजन वेगळं. भिंत सिपोरेक्सची असेल तर आरपार भोक पाडून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी आणि नट लावतात. छताला पंखा किंवा झुंबर टांगण्यासाठीही गिट्टी नाही, स्लॅबमध्ये सोडलेला हूक किंवा फास्टनरच.